दोन अंकांचे साल आणि आपल्या घरातले कागद

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी आणि पालक यांच्याशी बोलताना एक प्रश्न वारंवार समोर येतो. घरातल्या ट्रंकेत आजोबांचा एक पिवळा पडलेला कागद सापडतो. त्यावर दिनांक असतो, महिना असतो, पण सालाच्या जागी फक्त ‘५०’, ‘७२’ किंवा ‘९८’ असे दोन अंक असतात. हे कोणत्या शतकातले, आणि कोणत्या संवताचे? कागद केवळ आठवण म्हणून ठेवायचा असेल तर प्रश्न फारसा तातडीचा नाही. परंतु तोच कागद जात वैधता प्रमाणपत्राच्या प्रकरणात जोडायचा असेल, तर त्या दोन अंकांच्या वाचनावर एखाद्या मुलाचा प्रवेश किंवा मुलीची नोकरी अवलंबून असते.

अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० ही तारीख निर्णायक मानली जाते, कारण संविधानाचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश त्या दिवशी निघाला. आपले पूर्वज त्या दिवशी किंवा त्यापूर्वी याच प्रदेशात राहत होते आणि अमुक जातीचे होते, हे दाखवावे लागते. जातीचा दावा सिद्ध करण्याचा भार २००० सालच्या जातप्रमाणपत्र अधिनियमाने दावा करणाऱ्यावर टाकला आहे. आपल्या समाजाच्या वाट्याला यात आणखी एक गाठ आली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले, आणि ते अभिमानाने लिहिले. त्यामुळे पूर्वीची जात दाखवणारा कागद हा साहजिकच दीक्षेच्या अगोदरचा असावा लागतो. जो शब्द आपण नागपूरला मागे ठेवून आलो, तोच शब्द नातवाच्या शिक्षणासाठी जुन्या नोंदवहीत शोधत बसावे लागते, हा विरोधाभास आम्हांला प्रत्येक वेळी बोचतो. पण कागद शोधायचा असेल तर तो नीट वाचता आला पाहिजे, म्हणून हा लेख.

सर्वसाधारण समज असा आहे की दोन अंकांच्या अगोदर ‘१९’ लावले की काम झाले. बहुतेक वेळा ते बरोबरही निघते. परंतु वऱ्हाडातल्या कागदांच्या बाबतीत शतकाच्या अगोदर एक दुसरा प्रश्न विचारावा लागतो, तो म्हणजे हे साल कोणत्या कालगणनेचे आहे. सरकारी नोंदवह्या, कोतवाल बुके आणि शाळांची रजिस्टरे इसवी सनात लिहिली जात. परंतु खासगी व्यवहारात तसे नव्हते. मराठी पद्धतीने लिहिणारा मनुष्य शके लिही. अकोला, अमरावती, खामगावच्या कापूस बाजारातल्या मारवाडी पेढ्या आपल्या वह्या विक्रम संवतात ठेवत. निजामाच्या राज्यातून आलेल्या कागदांवर फसली साल असे. शके असेल तर त्यात ७८ मिळवावे, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावे, दख्खनी फसलीत ५९० मिळवावे. पुढेमागे एका वर्षाचा फरक पडू शकतो, कारण ही वर्षे जानेवारीत सुरू होत नाहीत. संवत ‘८४’ म्हणजे १९८४ नव्हे. संवत १९८४ म्हणजे इसवी सन १९२७–२८. आणि फसली ‘५७’ म्हणजे फसली १३५७, इसवी सन १९४७–४८. मराठवाड्यातून वऱ्हाडात आलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

हे कसे वाचायचे ते एका कागदावरच पाहू. उदाहरणादाखल अशी एक पावती धरा. वहीच्या कागदावर बालबोध लिपीत लिहिलेली, आजोबांनी ज्वारीसाठी घेतलेली रक्कम फेडल्याची. त्यात आजोबांचे नाव, जात आणि गाव. खाली एक आण्याचे रेव्हेन्यू तिकीट आणि त्यावर अंगठा. आणि दिनांक असा: ‘अधिक आषाढ शु. ५, मंगळवार, ७२’.

घाईने वाचणारा म्हणेल, १९७२. त्या वर्षीचा दुष्काळ सर्वांच्या लक्षात आहे, ज्वारीचा संदर्भही जुळतो. पण तसे म्हटले तर १० ऑगस्ट १९५० च्या दृष्टीने कागदाचे मूल्य शून्य. आता तिकीट पाहा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली आणि आण्यांचा हिशेब संपला. १९७२ साली कोणी एक आण्याचे तिकीट लावणार नाही. म्हणजे इसवी सन १९७२ संशयास्पद ठरले. पण जुने तिकीट घरात पडून राहिले असेल, असे कोणी म्हणू शकतो, म्हणून एवढ्यावर थांबू नये.

खरा पुरावा ‘अधिक आषाढ’ या दोन शब्दांत आहे. अधिक मास साधारणपणे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, आणि प्रत्येक वेळी तो वेगळ्या महिन्याला जोडून येतो. त्यामुळे अधिक मासाचे नाव हे सालाची खूण ठरते. १९७२ साली अधिक मास आला खरा, पण तो वैशाख होता. समजा ७२ हा विक्रम संवत १९७२ धरला, तर तो इसवी सन १९१५–१६ ठरतो. १९१५ मध्येही अधिक मास वैशाखच होता, आणि १९१६ मध्ये अधिक मास नव्हता. उरतो शके १८७२. शके १८७२ चा पाडवा १९ मार्च १९५० रोजी होता, आणि त्या वर्षी आषाढ हाच अधिक होता. अधिक आषाढाची सुरुवात १६ जून १९५० च्या सुमारास झाली. तेव्हा त्याची शुद्ध पंचमी २० जूनच्या आसपास येते, आणि २० जून १९५० ला मंगळवारच होता. वारही जुळला, तिकीटही जुळले. म्हणजे ती पावती १० ऑगस्ट १९५० च्या सात आठवडे अगोदरची आहे.

या उदाहरणात आणखी एक शिकण्यासारखे आहे. शके १८७२ हे वर्ष त्या निर्णायक तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहे. ‘शके ७२’ एवढेच लिहिलेला कागद आधीचाही असू शकतो आणि नंतरचाही. १० ऑगस्ट १९५० हा दिवस निज आषाढाच्या वद्य पक्षात येतो. तेव्हा चैत्र ते अधिक आषाढ हे महिने असतील तर कागद आधीचा. श्रावण, भाद्रपद, कार्तिक असतील तर नंतरचा. तिथी वाचताना ‘शु.’ आणि ‘व.’ यांतला फरक नीट पाहिला नाही, तर नेमक्या निज आषाढात चूक होते. जुने पंचांग घरात असेल तर ते फेकू नका; आमच्या मते त्या काळाचे पंचांग हे कागद वाचणाऱ्याचे सर्वांत उपयोगी पुस्तक आहे, मग त्यातल्या शुभ-अशुभ मुहूर्तांवर आपला विश्वास नसो.

आपल्या घरांत आणखी एक कालगणना आढळते. दीक्षेनंतरच्या लग्नपत्रिकांवर आणि कार्यक्रमपत्रिकांवर बुद्धाब्द लिहिण्याची पद्धत पडली. १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला बुद्धाब्दाची अडीच हजार वर्षे जगभर साजरी झाली, तेव्हा बुद्धाब्द २५०१ म्हणजे १९५७ ची वैशाख पौर्णिमा ते १९५८ ची. तेव्हा ‘बु. ०१’ असे पाहून कोणी १९०१ समजू नये. अशा पत्रिकेवर जात नसते, त्यामुळे वैधतेच्या प्रकरणात तिचा उपयोग फारसा नाही. परंतु वंशावळीतली नाती जुळवायला ती मदत करते.

आता सरकारी आणि शाळेच्या नोंदवह्यांकडे वळू. तिथे कालगणनेचा प्रश्न कमी आणि शतकाचा प्रश्न अधिक. दाखल-खारिज रजिस्टरात लिहिणारे गुरुजी पानाच्या वरच्या भागात किंवा सत्राच्या पहिल्या ओळीत पूर्ण साल लिहीत आणि खाली फक्त दोन अंक, किंवा ‘’’ अशी खूण. म्हणून आजोबांची एकच ओळ झेरॉक्स करून आणणे हे अर्धे काम आहे. त्या ओळीच्या वरच्या आणि खालच्या ओळी, त्या पानाचा माथा, आणि शक्य असल्यास मागचे-पुढचे पान, हे सगळे पाहिले पाहिजे. रजिस्टरातला अनुक्रमांक एकामागून एक चढत जातो, त्यामुळे ज्या ओळीवर पूर्ण साल लिहिले आहे तिचा क्रमांक आणि आपल्या ओळीचा क्रमांक यांची तुलना केली की साल पक्के होते. कोतवाल बुकाचेही तसेच. त्यात जन्माची नोंद बहुधा बापाच्या नावाने असते, बाळाचे नाव नसते, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. साल मात्र वहीच्या सुरुवातीला किंवा महिन्याच्या मथळ्याला मिळते.

शाळेच्या नोंदीत शतक ठरवण्याचा आणखी एक आधार आहे, तो म्हणजे वय. जन्मतारखेच्या रकान्यात ‘१-७-४२’ आणि दाखल तारखेत ‘४-७-४९’ असेल तर मूल सात वर्षांचे होते, काही अडचण नाही. पण जन्म ‘९७’ आणि दाखल ‘०४’ असे दिसले तर शतक मधे ओलांडले गेले आहे. १८९७ आणि १९०४, किंवा १९९७ आणि २००४, हे दोन्ही पर्याय वयाने सारखेच बसतात. तिथे शाळेचे वय, कागद, शाई आणि शेजारची नोंद यांनीच निर्णय होतो. आणि येथे एक हळूच सांगतो. जुन्या रजिस्टरांत ‘१ जुलै’ हा जन्मदिवस इतका दिसतो की सगळे वऱ्हाड एकाच दिवशी जन्मले असावे असे वाटते. तो गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराला वय धरून लिहिलेला दिवस असतो. त्यातला दिवस आणि महिना खरा मानू नका, साल मात्र अंदाजाने जवळचे असते.

अक्षराबद्दलही एक सूचना. मोडी आणि जुन्या बालबोध हातात ‘१’ आणि ‘९’ यांत गल्लत होते. ‘१८’ आणि ‘९८’ यांच्यात ऐंशी वर्षांचे अंतर आहे. म्हणून शंका आली तर त्याच हाताने त्याच पानावर लिहिलेले दुसरे आकडे पाहा. शेतसाऱ्याची रक्कम, वय, अनुक्रमांक, यांतला ‘१’ कसा काढला आहे आणि ‘९’ कसा, हे ताडून पाहिल्यावरच मत बनवा.

कागदाच्या मथळ्याचा उपयोग वऱ्हाडात जितका होतो तितका महाराष्ट्राच्या दुसऱ्या भागात क्वचितच होत असेल, कारण आपला प्रदेश वारंवार वेगवेगळ्या प्रांतांत गेला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले आणि कागदांवर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ आले. २६ जानेवारी १९५० पासून तेच राज्य मध्यप्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे अमरावती किंवा अकोला जिल्ह्याच्या एखाद्या छापील कागदावर ‘मध्यप्रदेश’ असेल, तर तो १९५० च्या जानेवारीनंतर छापलेला आहे हे निश्चित. तिथे ‘५२’ म्हणजे १९५२ आणि ‘५५’ म्हणजे १९५५, यात शंका उरत नाही.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. छापील मथळा फक्त खालची मर्यादा सांगतो, वरची नव्हे. सरकारी छापील नमुने शेकड्यांनी येत, आणि गावपातळीवर ते संपेपर्यंत वापरले जात. नवे राज्य आले म्हणून पाटील-पटवारी यांनी जुनी वही पेटवून दिली नाही. त्यामुळे ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ मथळ्याच्या कागदावर ‘५३’ लिहिलेले आढळले, तर तो १९५३ चा असू शकतो, केवळ मथळा जुना म्हणून तो बनावट ठरत नाही. तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव, छापलेल्या प्रतींची संख्या आणि छापण्याचा महिना-साल बहुधा असते. ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. लिहिण्याची तारीख छापण्याच्या तारखेच्या आधीची असेल, तर मात्र काहीतरी चुकले आहे.

शतकाचा खरा पेच वाशीमच्या कागदांत दिसतो. ‘जिल्हा वाशीम, ता. १२-९-९८’ असा दिनांक आला तर काय म्हणाल? वाशीम हा जिल्हा आजही आहे. पण तो १८९८ सालीही होता. इंग्रजी अमदानीत वऱ्हाडात अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वणी म्हणजे आजचा यवतमाळ, आणि वाशीम असे सहा जिल्हे होते. १९०५ मध्ये एलिचपूर अमरावतीत विलीन झाला आणि वाशीम जिल्हाही मोडला गेला. त्याचा मोठा भाग अकोल्याकडे आणि पुसद यवतमाळकडे गेला. त्यानंतर त्र्याण्णव वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम पुन्हा जिल्हा झाला. तेव्हा सप्टेंबर ९८ मधला कागद दोन्ही शतकांत बसतो.

निर्णय असा करावा. पहिली खूण तालुका. जुन्या वाशीम जिल्ह्यात पुसद होता. ‘ता. पुसद, जि. वाशीम’ असेल तर १८९८, कारण आज पुसद यवतमाळ जिल्ह्यात आहे. ‘ता. रिसोड’ किंवा ‘ता. मानोरा’ असेल तर १९९८, कारण हे तालुके जुन्या जिल्ह्यात नव्हते. फक्त ‘ता. वाशीम’ किंवा ‘ता. मंगरूळ’ असेल तर या खुणेने निकाल लागत नाही. दुसरी खूण वार. शंभर वर्षांनी तीच तारीख त्याच वारी येत नाही. १८९८ ते १९९८ या शंभर वर्षांत ३६,५२४ दिवस जातात, म्हणजे ५,२१७ आठवडे आणि वर पाच दिवस. त्यामुळे वार पाचने पुढे सरकतो. १२ सप्टेंबर १८९८ ला सोमवार होता, १२ सप्टेंबर १९९८ ला शनिवार. कागदावर ‘सोमवार’ असेल तर एकोणिसावे शतक, ‘शनिवार’ असेल तर विसावे. वारच लिहिला नसेल, तर मापे पाहा: शेर आणि आणे एका बाजूला, किलो आणि पैसे दुसऱ्या बाजूला. तिन्ही खुणा एकाच दिशेने गेल्या तर निर्णय पक्का. एक खूण विरुद्ध गेली तर ती आधी समजून घ्या, ती सोयीची नाही म्हणून टाकून देऊ नका.

हे काम यंत्रावर सोडता येईल का? आज अनेक शाळा आणि ग्रामपंचायती जुन्या नोंदी संगणकावर भरत आहेत, आपलेही रजिस्टर कधीतरी भरले जाईल. संगणकाला दोन अंकांचे साल दिले की तो स्वतःच्या नियमाने शतक ठरवतो. बऱ्याच यंत्रांवर एक्सेलमध्ये `29` लिहिले तर २०२९ होते आणि `30` लिहिले तर १९३०. यंत्राच्या मांडणीप्रमाणे ही सीमा पुढे-मागेही होते. म्हणजे १९२५ साली जन्मलेल्या आजोबांची तारीख `1-7-25` अशी भरली की ते अजून शंभर वर्षांनी लहान होतात, आणि त्यांच्या पुढच्या ओळीतले १९३१ चे आजोबा मात्र बरोबर राहतात. ही चूक डोळ्यांना सहज दिसत नाही, कारण पडद्यावर पुन्हा दोनच अंक दाखवले जातात. या नियमाला कागदाचे, शाळेचे, वऱ्हाडाचे काहीच ठाऊक नसते. तेव्हा नोंदी भरणाऱ्यांनी चार अंकी सालच भरावे. आणि मूळ नोंद दोन अंकांचीच असेल तर तिचे जसेच्या तसे रूप शेजारच्या वेगळ्या रकान्यात मजकूर म्हणून ठेवावे.

आता आमचे मत. वर जे सांगितले ते वाचनाचे काम आहे; कागदात भर घालण्याचे नव्हे. पुष्कळ ठिकाणी चांगल्या हेतूने एक गोष्ट केली जाते. एखादे मुख्याध्यापक किंवा लिपिक जुन्या रजिस्टरातल्या ‘५०’ च्या अगोदर आपल्या पेनाने ‘१९’ लिहितात, किंवा टीसीची प्रत देताना मूळ दोन अंकांऐवजी पूर्ण साल टाकतात. ‘हे तर उघड आहे’, असे त्यांचे म्हणणे असते. परंतु जात पडताळणी समितीचे दक्षता पथक मूळ रजिस्टर पाहायला शाळेत येते तेव्हा त्याला दोन वेगळ्या शाया दिसतात. मग साल बरोबर असले तरी प्रश्न सालाचा राहत नाही, फेरफाराचा होतो. खरी नोंद संशयित होते, आणि मदत म्हणून लिहिलेल्या दोन अंकांची शिक्षा त्या विद्यार्थ्याला भोगावी लागते. ज्यांच्या आजोबांनी आयुष्यात एकच कागद मिळवला, त्यांच्या कागदावर आपण अशी जोखीम का घ्यावी?

याला एक उत्तर दिले जाते: मग मूळ नोंद अर्धवटच राहू द्यायची का, समितीने १९ ऐवजी १८ वाचले तर? ही भीती अनाठायी नाही. पण तिचा उपाय मूळ कागदावर नाही, सोबतच्या निवेदनात आहे. नोंद जशी आहे तशी उतरवा, अगदी अस्पष्ट अक्षरासह. पूर्ण साल द्यायचे असेल तर चौकटी कंसात द्या, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हे आपले वाचन आहे, गुरुजींचे लेखन नव्हे. आणि त्याखाली दोन ओळींत कारण लिहा. त्या पावतीचे निवेदन असे होईल: “दिनांक ‘अधिक आषाढ शु. ५, मंगळवार, ७२’. [शके १८७२, जून १९५०]. १९७२ आणि १९१५ मध्ये अधिक मास वैशाख होता. १९५० मध्ये आषाढ. तिकीट एक आण्याचे.” असे निवेदन कोणालाही तपासता येते, खोडता येते, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येतो.

शासनाकडेही एक मागणी आहे. शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ पुरावा म्हणून मागण्याऐवजी ओळ असलेल्या पूर्ण पानाची आणि ज्या पानावर पूर्ण साल लिहिले आहे त्या पानाची छायाप्रत मागण्याची पद्धत ठरवावी. ओळ एकटी आली की तिच्यावर शंका घेणे सोपे असते. पान सोबत आले की बहुतेक शंका तिथेच सुटते. पडताळणीचे ओझे ज्याच्यावर आहे त्याच्या हातात निदान पुरेसा कागद तरी द्यावा.

आपल्या विद्यालयापुरते सांगायचे तर आमची सूचना साधी आहे. २००० सालानंतर आपल्या स्वतःच्या रजिस्टरांतही जन्म ‘९४’ आणि दाखल ‘००’ अशा नोंदी आल्या असतील. आज त्या वाचायला कोणाला अडचण नाही, कारण ती मुले समोर होती. पन्नास वर्षांनी ती मुले आजोबा झालेली असतील आणि कोणी नातू त्यांच्या नोंदीची प्रत मागायला येईल. त्यावेळी जो लिपिक असेल त्याला आपली शाळा कधी सुरू झाली हे माहीत असेलच असे नाही. तेव्हा रजिस्टराच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर शैक्षणिक वर्ष चार अंकांत लिहावे, दाखल आणि जन्म दोन्ही तारखा चार अंकी सालाने लिहाव्यात, जुन्या पानांवर मात्र एकही अंक नव्याने लिहू नये. त्यासाठी रजिस्टराच्या शेवटी एक कोरे पान जोडावे, त्यावर पान क्रमांक, ओळ क्रमांक, मूळ नोंद आणि आपले वाचन असे चार रकाने आखावेत, आणि खाली वाचणाऱ्याची सही व तारीख घ्यावी. त्या तारखेचेही साल चार अंकी असावे.